धागा: अळी सर्वेक्षणाचा प्रयोग अहवाल – हाऊस, कंटेनर, ब्रेटो तिन्ही काढले, पण आता लिहू काय?

माणदेशी_पूजा (सोमवार, रात्री ९.१०)

नमस्कार मंडळी. मी बीएस्सी तिसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. डासअळीचं सर्वेक्षण करून प्रयोग अहवाल लिहायचा आहे. मी माझ्या आजोळी केलं, दहिवडीच्या पुढे एक गाव आहे तिथे, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस. तिकडे नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं, त्यामुळे दारोदार बॅरल, रांजण आणि सिमेंटच्या टाक्या भरून ठेवलेल्या असतात.

माझे आकडे असे: घरं ६०, त्यातल्या ११ घरांत अळ्या सापडल्या. भांडी २४०, त्यातल्या २१ भांड्यांत अळ्या. म्हणून हाऊस इंडेक्स १८.३ टक्के, कंटेनर इंडेक्स ८.७५ टक्के आणि ब्रेटो इंडेक्स ३५ टक्के.

गणित सोपं होतं, अडले ते चर्चेच्या भागात. हाऊस इंडेक्स बघितला तर गावात धोका मोठा वाटतो, कंटेनर बघितला तर तेवढा नाही. मॅडम म्हणाल्या, "तीन आकडे आलेत, आता त्यांचा अर्थ लिही." कोणता आकडा खरा मानायचा? शुक्रवारी वही द्यायची आहे.

---

आरोग्यसेवक_खटाव (सोमवार, रात्री ९.४८)

ताई, अठरा वर्षं कंटेनर सर्वे करतोय, म्हणून सांगतो. तिन्ही आकडे खरेच असतात. हाऊस इंडेक्स म्हणजे शंभर घरांत दूषित घरं किती. कंटेनर म्हणजे शंभर भांड्यांत दूषित भांडी किती. ब्रेटो म्हणजे शंभर घरांमागे दूषित भांडी किती. आम्ही ब्रेटोवर जास्त भर देतो, कारण त्यात घर आणि भांडं दोन्ही येतं. तुमचा ३५ आहे, ५० च्या आत आहे, म्हणजे धोका नाही असं लिहून टाका. हाऊस इंडेक्स मात्र १० च्या वर गेलाय, तिथे कोरडा दिवस पाळायला सांगावा, एवढा निष्कर्ष पुरे.

आणि एक विचारतो, कुलूपबंद घरं किती होती? आमच्या तक्त्यात त्याचा वेगळा रकाना असतो. तुम्ही ६० लिहिलंय, सगळी उघडी सापडली असतील तर नशीबच म्हणायचं.

---

निवृत्त_कीटक_समाहारक (सोमवार, रात्री १०.३५)

पूजा बाळ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी मला चार गोष्टी कळायला हव्यात. त्या कळल्याशिवाय तुझ्या तीन आकड्यांवर काही बोलणं बरोबर नाही.

पहिली, खटावच्या दादांनी विचारलीच आहे. ६० म्हणजे यादीतली घरं की आत जाऊन तपासलेली घरं?

दुसरी, २४० भांड्यांपैकी त्या दिवशी पाणी किती भांड्यांत होतं? रिकामा माठ पालथा पडलेला असेल तर तो भागाकारात येत नाही.

तिसरी, त्या २१ भांड्यांत अळ्या कुणाच्या होत्या? एडिस, क्युलेक्स, अ‍ॅनॉफेलिस, बघितलंस का? हे तिन्ही निर्देशांक एडिससाठी आहेत. १९२३ साली कॉनर आणि मन्रो यांनी घरांचा आणि भांड्यांचा निर्देशांक मांडला तो पीतज्वराच्या डासासाठी, म्हणजे एडिस इजिप्तीसाठीच. ब्रेटोचा पुढे १९५४ मध्ये आला.

चौथी, ती २१ भांडी कोणकोणत्या घरांत होती? एकाच घरात पाच-सात तर नव्हती ना?

मी मिरजेला राहतो. नोकरीची सगळी वर्षं पांढरा ट्रे आणि पिपेट घेऊन दारोदार फिरलो. अहवाल चुकतो तो बहुतेक वेळा गुणाकार-भागाकारात नाही, खालच्या आकड्यात चुकतो.

---

माणदेशी_पूजा (सोमवार, रात्री ११.२०)

काका, तुमचे प्रश्न वाचून वही परत उघडली.

६० ही यादीतली घरं आहेत. आठ घरांना कुलूप होतं, लोक ज्वारीच्या पेरणीला शेतात गेले होते. दोन घरांनी आत येऊ दिलं नाही. म्हणजे तपासलेली ५०.

२४० पैकी ६६ भांडी कोरडी होती. सहा जमिनीखालच्या टाक्यांची झाकणं मला एकटीला उचललीच नाहीत. पाणी असलेली आणि खरंच बघितलेली १६८.

अळ्या मी प्रत्येक भांड्यातून वेगळ्या कुपीत, अल्कोहोलमध्ये घेतल्यात. २१ कुप्या आहेत. पण सूक्ष्मदर्शकाखाली अजून एकही बघितलेली नाही. मला वाटलं अळी म्हणजे अळी.

चौथ्याचं उत्तर: हो. एका घरात पुढे पंक्चरचं दुकान आहे, मागे राहतात. तिथल्या टायरमध्येच आठ कुप्या भरल्या.

---

सांगलीकर_वसंत (मंगळवार, सकाळी ७.०५)

चर्चा चांगली चाललीय. आमच्या गल्लीचाही इंडेक्स काढून मिळेल का? आम्ही सांगलीत कृष्णेच्या जवळच्या भागात राहतो. संध्याकाळ झाली की दारं लावून बसावं लागतं. मागच्या बाजूला गटार आहे, त्यात अळ्या अक्षरशः खदखदतात. २०१९ च्या पुरानंतर त्रास जास्तच वाढला. धुराची गाडी येते, दोन दिवस बरं वाटतं, परत तेच. तर गटाराचा ब्रेटो किती असेल तर तक्रार करता येते?

---

निवृत्त_कीटक_समाहारक (मंगळवार, सकाळी ९.१५)

वसंतराव, तुमचा त्रास खरा आहे, पण तो वेगळ्या डासाचा आहे. घाण गटारात वाढतो तो क्युलेक्स, रात्री चावणारा. डेंग्यूचा एडिस घरातल्या आणि घराभोवतीच्या साठवलेल्या पाण्यात वाढतो, चावतो दिवसा. गटाराला ब्रेटो इंडेक्स लावत नाहीत. तिथे डिपर म्हणजे लांब दांड्याचं भांडं बुडवून प्रत्येक डिपमध्ये सरासरी किती अळ्या येतात ते मोजतात. तक्रारीत "गटारात अळ्या आहेत, पाणी वाहत नाही" एवढं लिहून जागेचा फोटो जोडा. धुराने उडते डास मरतात, गटारातल्या अळ्या तशाच राहतात, म्हणून दोन दिवसांनी परत तेच होतं.

पूजा, आता तुझ्या कुप्या. आज प्रयोगशाळेत बसून सगळ्या बघ. अळी काचेवर घे आणि आधी शेपटीकडची श्वासनळी बघ. नळीच नसेल तर अ‍ॅनॉफेलिस. जिवंत असताना ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी राहते, ते तू सर्वेक्षणाच्या वेळी बघितलं असशील तर टिपणात सापडेल. नळी लांब, बारीक आणि तिच्यावर केसांचे अनेक झुपके दिसले तर क्युलेक्स. नळी आखूड, जाड आणि केसांच्या झुपक्यांची एकच जोडी असेल तर एडिस.

एडिस ठरल्यावर जात बघायला पोटाच्या आठव्या खंडाशी जा. तिथे दोन्ही बाजूंना काट्यांची एकेक ओळ असते. प्रत्येक काट्याला मधल्या टोकाशिवाय बाजूलाही ठळक टोकं असतील, त्रिशुळासारखा दिसेल, तर इजिप्ती. साधा एकच सरळ काटा असेल तर अल्बोपिक्टस. हे चौथ्या अवस्थेच्या अळीत नीट दिसतं. लहान अळीवर जात ठरवायला जाऊ नकोस, "एडिस, जात अनिश्चित" लिहून मोकळी हो. तेवढं लिहिण्यात काही कमीपणा नाही.

कुपीतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलीस ना? पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, मग कुठली कुपी कुठल्या घरची ते कुणालाच सांगता येत नाही.

---

आरोग्यसेवक_खटाव (मंगळवार, दुपारी १.३०)

काका, तुमचा मान राखून बोलतो. आम्ही दिवसाला पन्नास-साठ घरं करतो. प्रत्येक अळी काचेवर घ्यायची म्हटलं तर दहा घरंही होणार नाहीत. भांड्यात अळी दिसली की भांडं दूषित, तिथल्या तिथे ओतून टाकायचं, ओतता येत नसेल तर अबेट हे अळ्या मारायचं औषध टाकायचं. आमचा अहवाल असाच जातो. घरातल्या बॅरलमध्ये अळी असली तर दहातली नऊ एडिसचीच असते, डोळ्यांनाही ओळखू येते. मग त्या मुलीला कशाला अडवताय?

---

निवृत्त_कीटक_समाहारक (मंगळवार, दुपारी ३.००)

दादा, तुम्ही म्हणता ते कामाच्या सोयीने बरोबरच आहे. तुम्हाला त्याच दिवशी भांडं रिकामं करायचं असतं, अळी कुणाचीही असली तरी ते करायचंच. पण हिला प्रयोग अहवाल लिहायचाय, डेंग्यूच्या डासाचा निर्देशांक म्हणून आकडा द्यायचाय. तिथे क्युलेक्स मिसळून चालणार नाही. आणि प्रमाण गावागावाला बदलतं. जनावरांची डोण असलेल्या गावात क्युलेक्सची भांडी बऱ्यापैकी निघतात.

५० च्या आत म्हणजे धोका नाही, हे मात्र मी मान्य करणार नाही. ब्रेटो ५० च्या वर म्हणजे मोठा धोका आणि ५ च्या खाली म्हणजे कमी धोका, या रेषा पीतज्वराच्या काळात आखलेल्या आहेत. आपल्याकडे पीतज्वर नाही. डेंग्यूसाठी हाऊस इंडेक्स ५ आणि ब्रेटो २० च्या वर गेला की धोका धरतात, पण तीही काही पक्की भिंत नव्हे. सिंगापूरने घरांचा निर्देशांक २ टक्क्यांच्या आसपास खाली आणला होता, तरी १९९० नंतर तिथे डेंग्यू परत वाढला. तेव्हा "आकडा रेषेच्या आत, म्हणून सुरक्षित" हे वाक्य अहवालात येता कामा नये.

---

माणदेशी_पूजा (बुधवार, संध्याकाळी ६.४०)

काल दुपारपासून आज चारपर्यंत प्रयोगशाळेतच होते. चिठ्ठ्या पेन्सिलीच्या होत्या, वाचल्या!

२१ पैकी १८ कुप्या एडिसच्या. त्यातल्या १५ मध्ये त्रिशुळासारखे काटे स्पष्ट दिसले, म्हणजे इजिप्ती. उरलेल्या ३ मध्ये अळ्या फार लहान होत्या, तिथे "एडिस, जात अनिश्चित" लिहिलं. दोन कुप्या क्युलेक्सच्या निघाल्या, एक जनावरांच्या डोणीतली आणि एक शेण धुवायच्या बादलीतली. एक सिमेंटच्या टाकीतली अ‍ॅनॉफेलिस निघाली, नळीच नव्हती.

डोणीच्या घरात आणि सिमेंटच्या टाकीच्या घरात दुसरं काहीच सापडलेलं नव्हतं. बादलीच्या घरात एडिसचं बॅरलही होतं. म्हणून दूषित घरं ११ ऐवजी ९.

नवे आकडे:

हाऊस इंडेक्स = ९ ÷ ५० × १०० = १८.०
कंटेनर इंडेक्स = १८ ÷ १६८ × १०० = १०.७
ब्रेटो इंडेक्स = १८ ÷ ५० × १०० = ३६

पण काका, मला नवलच वाटलं. हाऊस आधी १८.३ होता, आता १८. ब्रेटो आधी ३५, आता ३६. एवढी धडपड करून आकडे जवळपास तेच आले. मग आधीचेच ठेवले असते तर काय बिघडलं असतं?

---

निवृत्त_कीटक_समाहारक (बुधवार, रात्री ८.०५)

हा प्रश्न विचारलास ते फार बरं केलंस. आकडे जुळले कारण तुझ्या दोन चुका एकमेकींच्या विरुद्ध दिशेच्या होत्या. न तपासलेली दहा घरं खाली धरलीस, त्याने निर्देशांक खाली ओढला. क्युलेक्स आणि अ‍ॅनॉफेलिसची घरं वर धरलीस, त्याने तो वर ढकलला. यंदा दोन्ही ओढी सारख्या पडल्या. पुढच्या वेळी वीस घरं बंद असतील आणि सगळ्या अळ्या एडिसच्याच निघतील, तेव्हा हीच रीत तुला खोटा, कमी आकडा देईल. कंटेनर इंडेक्समध्ये कोरडी भांडी खाली होती, तिथे फरक दिसलाच, ८.७५ चा १०.७ झाला.

ब्रेटोपुढे टक्के लिहू नकोस. ते दर शंभर घरांमागे दूषित भांड्यांची संख्या आहे. एकेका घरात तीन-तीन दूषित भांडी निघाली तर ब्रेटो शंभराच्या वरही जातो. मग "११० टक्के" म्हणजे काय, असं परीक्षक विचारतील.

आता टायरचं घर बाजूला काढून तिन्ही परत काढ. किती येतात ते इथे टाक. त्या घरात पाणी असलेली एकूण भांडी किती होती तेही सांग.

---

माणदेशी_पूजा (बुधवार, रात्री ८.५०)

त्या घरात पाणी असलेली १४ भांडी होती, त्यातली दहा टायर. आठ टायर दूषित, घरातली बाकीची चार भांडी स्वच्छ.

ते घर वगळलं तर ४९ घरं, त्यात ८ दूषित. भांडी १५४, त्यात १० दूषित.

हाऊस १६.३, कंटेनर ६.५, ब्रेटो २०.४.

ब्रेटो ३६ वरून थेट २० वर आला! हाऊस फारसा हललाच नाही.

---

निवृत्त_कीटक_समाहारक (बुधवार, रात्री ९.२५)

हीच तुझी चर्चा. पहिल्या दिवशी तू विचारलंस, कोणता आकडा खरा. तीन आकडे एकमेकांशी भांडत नाहीत, वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. हाऊस इंडेक्सला एका घरात एक भांडं दूषित असलं काय आणि आठ असली काय, सारखंच. तो पसारा सांगतो, गावभर किती दारांत डास पोचलाय ते. ब्रेटोमध्ये त्या आठही टायरांची भर पडते, म्हणून एक पंक्चरचं दुकान सगळ्या गावाचा ब्रेटो जवळपास दुप्पट करतं.

म्हणून दोन्ही लिही. सगळी घरं धरून ३६, आणि टायरचं घर वेगळं काढून २०. ते घर गाळून टाकायचं नाही हं, डास तिथूनच निघतोय. वेगळं दाखवायचं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की आठ दूषित भांडी एका जागी आहेत आणि दहा भांडी आठ घरांत विखुरलेली आहेत. पहिल्यासाठी एका माणसाशी बोलून टायर छपराखाली ठेवायला सांगायचे. दुसऱ्यासाठी दर आठवड्याला बॅरल रिकामं करून, आतून घासून, कोरडं करायला आठ घरांना सांगायचं. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत, घासावंच लागतं. तुझी ६६ कोरडी भांडी भागाकारात धरायची नसली तरी टिपणात राहू दे, ती याचसाठी.

अजून एक विचारतो. रांजण, बॅरल कसे बघितलेस? झाकण काढल्या काढल्या वाकून?

---

माणदेशी_पूजा (बुधवार, रात्री ९.५०)

हो काका. मोबाइलची बॅटरी लावून वरून बघायचे, नाही दिसलं की पुढचं भांडं.

---

निवृत्त_कीटक_समाहारक (बुधवार, रात्री १०.१०)

मग काही भांडी तुझ्या हातून सुटली असणार. झाकण हललं, सावली पडली, उजेड आला की एडिसची अळी सरळ तळाला जाते. मिनिट-दोन मिनिटं न हलता थांबलं की श्वास घ्यायला वर येते. रांजणात तर तळ दिसतही नाही. लहान भांडं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून बघावं, मोठ्यातलं पाणी गाळणीतून काढावं. झालं ते झालं, घरोघरी परत जाऊ नकोस. पण पद्धतीच्या भागात जसं केलंस तसंच लिही, आणि मर्यादांमध्ये लिही की खोल भांड्यांतल्या काही अळ्या दिसल्या नसण्याची शक्यता आहे, म्हणून खरा निर्देशांक याहून जास्त असू शकतो. ज्या सहा टाक्या उघडल्या नाहीत, त्यांचाही उल्लेख कर.

---

गणिताचे_सर_कराड (गुरुवार, सकाळी ६.५०)

मी डासांमधला नाही, संख्याशास्त्र शिकवतो. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

पूजा, ५० घरांत ९ म्हणजे १८ टक्के, हे ठीक. पण ५० घरं हा लहान नमुना आहे. ९५ टक्के विश्वासमर्यादा काढल्या तर साधारण १० ते ३१ टक्के येतात. म्हणजे तुझ्या वर्गातल्या कुणाला शेजारच्या गावात २४ टक्के आले, तर "त्या गावात धोका जास्त" असं लिहिता येणार नाही. तेवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो.

मर्यादा काढण्याची हीच रीत कंटेनर इंडेक्सला मात्र लावू नकोस. एका घरातली भांडी एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. ज्या घरात एक दूषित, तिथे दुसरं दूषित असण्याची शक्यता वाढते. तुझे टायर हेच सांगतात. १६८ स्वतंत्र नोंदी आहेत असं धरलंस तर मर्यादा फसव्या, अरुंद येतील.

---

इस्लामपूरची_आई (गुरुवार, सकाळी ११.१५)

मी गृहिणी आहे. मला इंडेक्समधलं कळत नाही, पण तू लिहिलंस ना की दोन घरांनी आत येऊ दिलं नाही, त्यावर बोलावंसं वाटलं. गेल्या वर्षी आमच्याकडे तपासायला आले. बॅरलमध्ये अळी दिसली म्हणून मला न विचारता सगळं पाणी ओतून गेले. दोनशे लिटर. पाणी तिसऱ्या दिवशी येणार होतं आणि घरात बाळंतीण होती. त्यानंतर मी सहा महिने कुणाला दारात उभं केलं नाही. माझ्यासारखी घरं म्हणजे ज्यांच्याकडे पाणी जास्त साठवलेलं असतं तीच. तू ती दोन घरं सोडून दिलीस, तिथे अळ्या जास्त असतील असं नाही का होत?

---

आरोग्यसेवक_खटाव (गुरुवार, दुपारी २.१०)

आईंचं खरं आहे. असं झालं असेल तर चुकीचंच झालं. माझी सवय सांगतो, प्यायचं पाणी असेल तर आधी फडक्याने दुसऱ्या भांड्यात गाळून द्यायचं, मग बॅरल घासायचं.

आणि काका, ५० चं तुमचं म्हणणं मी आज आमच्या वरिष्ठांपुढे काढलं. ते म्हणाले, आकड्यापेक्षा मागच्या महिन्याहून वाढला की घटला ते बघा. ते मला पटलं. अळीची जात मात्र आमच्याच्याने दारात बघून होणार नाही, यावर मी ठाम आहे.

---

माणदेशी_पूजा (गुरुवार, रात्री ९.३०)

आईंचं वाचून मी ती दोन घरं आठवली. एकाच्या अंगणात चार बॅरल होते, रस्त्यावरून दिसत होते. तेही लिहिलंय.

चर्चेचा भाग असा झालाय, कृपया कुणीतरी बघा:

"यादीतील ६० घरांपैकी ५० घरे तपासता आली. ८ घरे बंद होती व २ घरांनी नकार दिला. नकार दिलेल्या घरांपैकी एका घरी साठवणीचे चार बॅरल बाहेरून दिसत होते, त्यामुळे न तपासलेली घरे तपासलेल्या घरांसारखीच असतील असे धरता येत नाही. एडिसच्या अळ्या ९ घरांतील १८ भांड्यांत आढळल्या. हाऊस इंडेक्स १८ टक्के (९५ टक्के विश्वासमर्यादा सुमारे १० ते ३१), कंटेनर इंडेक्स १०.७ टक्के व ब्रेटो इंडेक्स ३६ आहे. १८ पैकी ८ दूषित भांडी ही एकाच घरातील टायर होती. ते घर वगळल्यास ब्रेटो इंडेक्स २०.४ होतो, हाऊस इंडेक्स १६.३ टक्के राहतो. म्हणजे प्रादुर्भाव गावात पसरलेला आहे व त्याशिवाय एका जागी एकवटलेलाही आहे. भांडी वरून, न थांबता पाहिली असल्याने व सहा टाक्या उघडता न आल्याने हे आकडे प्रत्यक्षापेक्षा कमी असण्याची शक्यता आहे. अळ्यांच्या या आकड्यांवरून डेंग्यूचे रुग्ण किती होतील हे सांगता येत नाही."

क्युलेक्स आणि अ‍ॅनॉफेलिसच्या तीन भांड्यांचा वेगळा तक्ता केलाय.

---

निवृत्त_कीटक_समाहारक (गुरुवार, रात्री १०.०५)

चांगलं लिहिलंयस. एकच भर घाल. सर्वेक्षणाआधी पंधरा दिवसांत गावात अबेट टाकलं होतं का, टाक्यांत गप्पी मासे सोडले होते का, ते गावच्या आशाताईंना फोन करून विचार आणि पद्धतीत लिही. टाकलं असेल तर तुझे आकडे त्यानंतरचे आहेत, हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

आणि कोश मोजले होतेस का? स्वल्पविरामासारखे वाकडे दिसतात ते. ब्रेटोमध्ये दोनशे लिटरचं बॅरल आणि नारळाची करवंटी दोन्ही एक-एकच मोजली जातात, पण बॅरलमधून डास कितीतरी जास्त बाहेर पडतात. कोश मोजले की ते दिसतं, कारण कोशापर्यंत पोचलेला जीव बहुधा डास होतोच.

---

माणदेशी_पूजा (गुरुवार, रात्री १०.४०)

आशाताईंशी आत्ताच बोलले. सर्वेक्षणाच्या नऊ दिवस आधी खालच्या आळीत अबेट टाकलं होतं, वरच्या आळीत टाकायचं राहिलं होतं. माझ्या ९ दूषित घरांपैकी ७ वरच्या आळीतली आहेत! दोन्ही आळ्यांत तपासलेली घरं किती-किती, ते आता वहीतून वेगळं काढते.

कोश दिसले होते, पण मोजले नाहीत. कुप्यांमध्ये जेवढे आलेत तेवढेच आहेत, ते मोजून काही उपयोग होईल का?

---

निवृत्त_कीटक_समाहारक (गुरुवार, रात्री १०.५५)

कुपीतल्या कोशांवरून भांड्यातले किती ते सांगता येणार नाही, तू सगळे काढले नव्हतेस. कोणत्या कुप्यांत कोश आहेत, एवढंच लिही.

आळ्यांचं मात्र नीट काढ. आणि वरच्या आळीत अबेट नाही म्हणूनच अळ्या जास्त, असं लगेच लिहू नकोस. पंक्चरचं दुकान कुठल्या आळीत आहे? पाणी दोन्हीकडे एकाच दिवशी येतं का?

---

माणदेशी_पूजा (शुक्रवार, सकाळी ६.२०)

दुकान वरच्या आळीत. आणि पाणी वरच्या आळीला एक दिवस उशिरा येतं, टाकी खाली आहे.

म्हणजे तीन कारणं एकाच बाजूला. अबेट नाही, टायर आणि जास्त दिवस साठवलेलं पाणी. तिन्ही लिहिलीत, पण कोणतं किती ते मला यातून सांगता येत नाही, असंही लिहिलंय. दहाची एसटी आहे, वही द्यायला निघते.